सोळा चेहरे, आठ छायाचित्रे आणि भिंतीवरची एक फ्रेम

चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, कुंभार्ली घाट जेथे कोकणात उतरतो त्या भागात वसलेले असून, कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर परिचित आहे. गणेशोत्सवाच्या दिवसांत येथील घरे भरून जातात. मुंबईचे चाकरमानी चिपळूणकडून येतात, कराड-साताऱ्याकडचे नातलग घाट उतरून येतात आणि एरवी वर्षभर एकत्र न दिसणारी माणसे विसर्जनापूर्वी एकदा अंगणात ओळीने उभी राहतात. अशा वेळी एकामागून एक आठ-दहा छायाचित्रे घेतली जातात, ती वरवर पाहता जवळजवळ सारखीच असतात, आणि फ्रेम मात्र त्यांपैकी एकाचीच करायची असते. बहुतेक घरांत ही निवड एकाच कसोटीवर होते: ज्या चित्रात सर्वांचे डोळे उघडे आहेत ते चित्र चांगले. ही कसोटी चुकीची नाही, पण ती अपुरी आहे आणि तिचा क्रमही चुकतो. पापणी मिटणे हा बहुतांशी योगायोग असल्याने त्यावर संख्येने किंवा दुरुस्तीने मात करता येते; चेहऱ्यावरचा भाव, शेजाऱ्याकडे कललेला खांदा, आजीच्या मांडीवरच्या मुलाची नजर या गोष्टी मात्र त्या क्षणी घडलेल्या असतात किंवा नसतात, आणि नसतील तर त्या नंतर आणता येत नाहीत. म्हणून निवड करताना जे नंतर सुधारता येणार नाही ते आधी पाहावे आणि डोळ्यांचा हिशेब त्यानंतर करावा, असा या लेखाचा आग्रह आहे.

तरीही हा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावरून चित्रे किती घ्यावीत आणि मिटलेल्या डोळ्यांबद्दल किती हळहळ करावी हे ठरते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या शासकीय संशोधन संस्थेतील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी हा प्रश्न गणिताने सोडवला आणि त्यासाठी त्यांना २००६ साली गणिताचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक दिले जाते. त्यांच्या मांडणीचा गाभा साधा आहे. छायाचित्रासाठी उभा असलेला माणूस मिनिटाला सुमारे दहा वेळा पापणी लववतो आणि प्रत्येक वेळी डोळा साधारण पाव सेकंद पूर्ण उघडा नसतो, असे धरले तर मिनिटातील अडीच सेकंद त्याचे चित्र बिघडू शकते, म्हणजे कोणत्याही एका क्षणी तो डोळे मिटलेला सापडण्याची शक्यता चोविसातून एक एवढीच असते. एका माणसापुरती ही शक्यता नगण्य वाटते, परंतु सोळा माणसे एकत्र आली की सर्वांचे डोळे एकाच वेळी उघडे असण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते, आणि पन्नास माणसांच्या समूहात आठांपैकी सात चित्रांत कोणाचा ना कोणाचा डोळा मिटलेलाच असतो. यावरून त्यांनी विसापेक्षा कमी माणसांच्या समूहासाठी एक सोपा ठोकताळा दिला: प्रकाश चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनाने भागावे, प्रकाश कमी असेल तर दोनाने भागावे, आणि जे उत्तर येईल तितकी छायाचित्रे घ्यावीत. सोळा माणसांसाठी ही संख्या स्वच्छ उजेडात पाच-सहा आणि मंद उजेडात आठ येते.

या ठोकताळ्यामागे एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे प्रत्येक छायाचित्र दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे. आजच्या फोनवर बटण दाबून धरले की सेकंदाला दहा चित्रे सहज निघतात. मात्र पाव सेकंदाची एक पापणी त्यांतील लागोपाठ दोन-तीन चित्रे बिघडवते, त्यामुळे अशा झपाट्याने घेतलेली आठ चित्रे मोजायला आठ असली तरी हिशेबाला जेमतेम तीन भरतात. त्याऐवजी दोन चित्रांमध्ये एक-दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. ‘एक, दोन, तीन’ असे मोजण्याच्या पद्धतीतही अडचण आहे. मोजणी लांबली की माणसे डोळे ताणून धरतात, डोळे कोरडे पडतात आणि नेमके ‘तीन’ला अनेकांची पापणी एकदम पडते. यावर छायाचित्रकारांचा एक जुना उपाय आहे: सर्वांना डोळे मिटायला सांगून एका शब्दासरशी उघडायला लावावे आणि त्यानंतर क्षणभर थांबून बटण दाबावे, कारण नुकतीच लवलेली पापणी लगेच पुन्हा लवण्याचा संभव कमी असतो.

एखाद्या व्यक्तीचा डोळा आठांपैकी पाच-सहा चित्रांत मिटलेला आढळला तर त्याला योगायोग म्हणता येत नाही, तेथे कारण शोधावे लागते. बहुधा ते फ्लॅशमध्ये सापडते. मुख्य झोताच्या किंचित आधी अनेक कॅमेरे प्रकाश मोजण्यासाठी किंवा बाहुलीतील लालसरपणा टाळण्यासाठी एक लहानसा झोत टाकतात. ज्यांची पापणी प्रकाशाला चटकन प्रतिसाद देते त्यांचे डोळे त्या पहिल्या झोताने मिटू लागतात आणि मुख्य झोत त्यांना नेमके मिटलेल्या अवस्थेत गाठतो. दुसरे कारण सूर्य. पोफळीच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत असल्याने सकाळचे ऊन येथे उशिरा पोचते, आणि घराचे तोंड पश्चिमेला असेल तर दुपारनंतरचे ऊन थेट डोळ्यांत येते. भाद्रपदातील ढगाळ आकाश त्या दृष्टीने सोयीचे असते, कारण त्याचा उजेड चारी बाजूंनी सारखा पसरतो आणि कोणाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. फक्त समूह पडवीच्या आत न बसवता कडेला, जांभ्याच्या पायऱ्यांवर आणावा, म्हणजे चेहऱ्यांवर आकाशाचा उजेड पडेल. पडवीच्या आतल्या अंधारात कॅमेरा चित्र घेण्यास अधिक वेळ लावतो आणि लहान मुलांचे हात-चेहरे हललेले येतात. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ मिळाला तर मोठी माणसे स्पष्ट येतात. अस्वस्थ मुलांसाठी त्याहून निम्मा वेळ हवा.

निवडीला बसण्यापूर्वी सर्व चित्रे मूळ फाइलच्या स्वरूपात एका ठिकाणी गोळा करावीत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली प्रत ही सहसा आकार घटवलेली प्रत असते आणि तिच्यावरून डोळ्यांचा निर्णय करणे फसवे ठरते. थोड्या आकड्यांनी हे स्पष्ट होईल. बारा मेगापिक्सेलच्या छायाचित्राची रुंदी चार हजार ठिपक्यांची असते. मागच्या रांगेत सहा माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतील आणि समूहाने चित्राची बहुतेक रुंदी व्यापली असेल, तर एका चेहऱ्याच्या वाट्याला सुमारे १६० ठिपके आणि डोळ्याच्या काळ्या-तपकिरी बुबुळाच्या वाट्याला जेमतेम तेरा ठिपके येतात. पापणी बुबुळाच्या वरच्या कडेला आहे की मध्यावर आली आहे हे तेरा ठिपक्यांत ओळखता येते. चित्राची रुंदी चार हजारांवरून सोळाशेवर आणली की बुबुळाला पाचच ठिपके उरतात, आणि पाच ठिपक्यांत अर्धा मिटलेला डोळा व हसरा डोळा सारखेच दिसतात.

डोळा ‘उघडा’ आणि ‘मिटलेला’ अशी दोनच खाती केल्याने बहुतेक चुका होतात. पूर्ण मिटलेला डोळा ओळखणे सोपे असते, आणि विचित्र वाटले तरी तो कमी त्रासदायक असतो, कारण पाहणाऱ्याला ‘याची पापणी पडली’ हे लगेच कळते. खरा त्रास अर्ध्या पापणीचा. पापणी मिटते वेगाने, पण उघडते त्यामानाने सावकाश. म्हणून अर्धवट सापडलेले डोळे बहुधा उघडण्याच्या वाटेवरचे असतात, आणि त्या अवस्थेत चेहरा पेंगुळलेला, आजारी किंवा तुच्छतेने पाहणारा भासतो. फोनच्या पडद्यावर लहान आकारात तो नजरेतून सुटतो आणि मोठी प्रत छापून आल्यावर दिसतो. याची खूण अशी की वरची पापणी बाहुलीवर, म्हणजे बुबुळाच्या मध्यातील काळ्या छिद्रावर, उतरलेली असते, डोळ्यातील प्रकाशाचा चमकता ठिपका नाहीसा झालेला असतो आणि खालची पापणी मात्र जागची हललेली नसते.

हसणाऱ्या डोळ्यात याच्या उलट घडते. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ द्युशेन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले होते की मनापासून आलेल्या हास्यात ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही आखडतो, आणि हा दुसरा स्नायू सहसा केवळ इच्छेने आखडत नाही. त्यामुळे गाल वर येतात, खालची पापणी वर सरकते, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी बारीक सुरकुत्या उमटतात आणि डोळा लहान होतो. असा लहान झालेला डोळा ‘मिटला’ म्हणून बाद करणे म्हणजे समूहातील सर्वांत चांगला चेहरा बाद करणे होय. उन्हाने बारीक केलेला डोळा तिसऱ्याच प्रकारचा असतो. तेथे भुवया खाली येतात, दोन भुवयांच्या मध्ये उभ्या आठ्या पडतात आणि ओठांना हास्याचा पत्ता नसतो. चौथा प्रकार खाली पाहणाऱ्या नजरेचा आहे. मांडीवरच्या बाळाकडे पाहणाऱ्या आईची वरची पापणी नजरेबरोबर खाली येते आणि दुरून तिचे डोळे मिटलेले वाटतात, तरीही तिची मान आणि बाळाचे स्थान यांवरून पाहणाऱ्याला अर्थ लागत असेल तर त्या चित्रात दोष मानण्याचे कारण नाही.

वयोवृद्धांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. वय वाढते तशी वरची पापणी सैल पडून थोडी खाली उतरते, आणि ऐंशीच्या घरातील आजीचा पूर्ण उघडा डोळा विशीतील नातीच्या अर्ध्या डोळ्याएवढाच दिसू शकतो. म्हणून एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नसतो. प्रत्येक व्यक्तीचा सर्व चित्रांतील सर्वांत उघडा डोळा आधी शोधावा, त्याला त्या व्यक्तीचे माप मानावे आणि तिच्या बाकीच्या चित्रांची तुलना केवळ या मापाशी करावी. याचाच अर्थ पाहणी चित्रागणिक न करता व्यक्तीगणिक करायची: आधी आजोबांचा चेहरा आठही चित्रांत एकाच मोठेपणावर पाहायचा, मग आजीचा, मग पुढच्याचा. एका वहीच्या पानावर डावीकडे सोळा नावे आणि वर एक ते आठ आकडे लिहून प्रत्येक चौकोनात पूर्ण, अर्धा किंवा मिटलेला अशी खूण करत गेले तर अर्ध्या तासाच्या आत सगळा तक्ता भरतो, आणि त्यानंतर ‘मला वाटते तिसऱ्यात कोणीतरी डोळे मिटले होते’ अशा मोघम वादाला जागा उरत नाही.

भावाची पारख तक्त्यात मावत नाही, तरी ती अगदीच मनमानी असते असेही नाही. छायाचित्रासाठी आणलेले हास्य धरून ठेवले की तीन-चार सेकंदांत ताठरते. ओठ ताणलेले राहतात, पण गाल खाली येतात आणि डोळे सपाट दिसू लागतात. उत्स्फूर्त हास्याला चढ, शिखर आणि उतार असतो. शिखरावर डोके मागे जाते, हनुवटी वर येते आणि डोळे जवळजवळ मिटतात, म्हणून सगळे एकदम खळखळून हसले त्या क्षणाचे चित्र अपेक्षेपेक्षा निराश करते. त्यानंतर सुमारे एका सेकंदाने डोळे उघडलेले असतात, माना सरळ झालेल्या असतात आणि हसू अजून चेहऱ्यावर रेंगाळत असते. निवड करताना कोणाच्या तरी विनोदानंतर घेतलेले दुसरे चित्र आवर्जून पाहावे. बोलता बोलता सापडलेले तोंड मात्र निरुपायाचे असते, कारण ओठ पुढे आलेले किंवा जबडा अर्धवट उघडा राहिलेला असतो, आणि मिटलेल्या डोळ्यापेक्षाही तो दोष अधिक काळ खुपत राहतो.

सर्वांनी हसलेच पाहिजे ही अपेक्षा अलीकडची आहे. कोकणातल्या जुन्या घरांत टांगलेल्या समूहचित्रांत खुर्चीवर बसलेली वडीलधारी मंडळी गंभीर असतात आणि त्यात कोणालाही उणेपणा वाटत नाही. आजोबांचा नेहमीचा चेहरा गंभीर असेल तर त्यांच्या ओढूनताणून आणलेल्या हास्यापेक्षा तो गंभीर चेहराच निवडावा. कसोटी अशी की त्या माणसाला रोज पाहणाऱ्याने ‘हे तेच’ असे म्हणावे.

येथे निवडणारा कोण असावा हा प्रश्न येतो. समूहचित्र हाती आले की प्रत्येक जण प्रथम स्वतःला शोधतो आणि स्वतःच्या चेहऱ्यावरून चित्र चांगले की वाईट हे ठरवतो. हा निर्णय फारसा विश्वसनीय नसतो, आणि त्यामागचे कारण मानसशास्त्राने दाखवलेले आहे. अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की माणसाला स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा चेहरा अधिक आवडतो, तर त्याच्या मित्राला त्याचा सरळ, म्हणजे इतरांना प्रत्यक्षात दिसणारा चेहरा अधिक आवडतो. दोघेही ज्या रूपाला सरावलेले असतात त्याचीच निवड करतात. फ्रेमकडे वर्षानुवर्षे पाहणार आहेत ते इतर लोक. म्हणून आत न ओढलेली पोटे, कपाळावरची बट आणि ‘माझा चेहरा वाकडा आलाय’ ही तक्रार यांना मर्यादित वजन द्यावे. एखाद्याचे डोळे मिटलेले असतील तर मात्र त्याचा नकार मान्य करावा. प्रत्यक्षात दोघांनी, तेही शक्यतो वेगवेगळ्या पिढ्यांतील दोघांनी, तक्ता भरावा आणि शेवटच्या दोन-तीन चित्रांपुरतेच बाकीच्यांना विचारावे. सोळा जणांपुढे आठ चित्रे ठेवली की एकमत होत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

ही पद्धत एका कल्पित पण प्रातिनिधिक उदाहरणावर चालवून पाहता येईल. पोफळीतील एका घरात आजी-आजोबा, त्यांचे दोन मुलगे व सुना, एक मुलगी व जावई आणि आठ नातवंडे असे सोळा जण असून ढगाळ सकाळी पडवीच्या पायऱ्यांवर त्यांची आठ छायाचित्रे घेतली आहेत, असे समजू. कॅमेरा तिपाईवर होता आणि दोन चित्रांत दोन-दोन सेकंदांचे अंतर होते. पहिल्या फेरीत डोळ्यांकडे मुळीच न पाहता चित्राची स्पष्टता आणि रचना पाहायची. पहिल्या चित्रात धाकटी काकू अजून पदर सावरते आहे. दुसऱ्यात थोरल्या काकांचा चेहरा मागच्या रांगेत एका नातीच्या डोक्याआड गेला आहे. पाचव्यात तीन वर्षांचा नातू उठून निघाल्यामुळे तेवढाच हललेला आला आहे. पहिली दोन सरळ बाद होतात, पाचवे बाजूला ठेवायचे, कारण त्यातील दोष एकाच चेहऱ्यापुरता आहे. आठव्या चित्रात दोष काढता येत नाही, परंतु सर्वांचे चेहरे कंटाळलेले दिसतात. चित्रे घेताना शेवटाकडे असे नेहमीच घडते.

दुसऱ्या फेरीत तक्ता भरला जातो. तिसऱ्या चित्रात सोळाही जणांचे डोळे पूर्ण उघडे आहेत. चौथ्यात धाकट्या काकांचे डोळे मिटलेले आहेत आणि आत्याचे डोळे लहान दिसतात. मोठे करून पाहिल्यावर आत्याच्या खालच्या पापण्या वर आलेल्या दिसतात आणि ते हसू ठरते, पापणी नव्हे. सहाव्यात सर्वांचे डोळे उघडे असले तरी जावई बोलताना सापडले आहेत. सातव्यात आजीचे डोळे अर्धे आहेत, आणि तिच्याच तिसऱ्या चित्रातील मापाशी ताडून पाहता ती पापणी खरोखरच पडलेली आहे, वयाने उतरलेली नव्हे.

येथे तक्त्याचे उत्तर तिसरे चित्र असे येते, आणि बहुतेक घरांत तेच छापले जाईल. तिसऱ्या फेरीत मात्र तिसरे आणि चौथे चित्र शेजारी शेजारी ठेवून, मोठे न करता, हातभर अंतरावरून पाहायचे. तिसऱ्यात माणसे एका सरळ रेषेत, खांदे आवळून, कॅमेऱ्याच्या आज्ञेत उभी आहेत आणि नातू दुसरीकडेच पाहत आहे. चौथ्यात त्या नातवाने काहीतरी म्हटल्यामुळे आजी त्याच्याकडे किंचित झुकली आहे, आजोबांच्या गंभीर चेहऱ्यावर मिशीआड हसू आहे, दोघी जावांची डोकी एकमेकींकडे कलली आहेत आणि नातू थेट कॅमेऱ्यात पाहतो आहे. या गोष्टी कोणत्याही दुरुस्तीने तिसऱ्या चित्रात आणता येणार नाहीत, उलट चौथ्यातील एकमेव दोष, म्हणजे धाकट्या काकांचे डोळे, दुरुस्त होण्यासारखा आहे. म्हणून पाया म्हणून चौथे चित्र घ्यायचे.

ही दुरुस्ती शेजारच्या चित्रातून चेहरा आणून केली जाते आणि गावातल्या किंवा चिपळूणच्या स्टुडिओत संगणकावर छायाचित्रे नीट करणारा कारागीर ती करू शकतो. ग्राहकाने त्याला पायाचे चित्र कोणते, चेहरा कोणाचा आणि तो कोणत्या चित्रातून घ्यायचा, हे तीनही लिहून द्यावे. नुसते डोळे उचलून बसवण्याचा आग्रह धरू नये. हसऱ्या गालांवर न हसणारे डोळे किंवा किंचित वळलेल्या मानेवर समोर पाहणारे डोळे बसले की चेहरा अनोळखी होतो आणि पाहणाऱ्याला कारण न कळताही खटकतो. केसांपासून हनुवटीपर्यंत संपूर्ण डोके बदलणे अधिक सुरक्षित असते. चेहरा देणारे चित्र शक्यतो आधीचे किंवा नंतरचेच असावे, कारण ढग सरकला की चेहऱ्यावरचा उजेड बदलतो. उदाहरणातील धाकटे काका सहाव्या चित्रात अधिक छान हसले आहेत, पण तेथे ते उजवीकडे झुकलेले असल्याने त्यांचे डोके चौथ्या चित्रातील खांद्यांवर बसणार नाही. बाजूला ठेवलेल्या पाचव्या चित्रात नातू हललेला असला तरी काका जागेवर, त्याच मानेने आणि उघड्या डोळ्यांनी उभे आहेत, म्हणून चेहरा तेथून घ्यायचा. शेजाऱ्याचे केस किंवा हात त्यांच्या डोक्याआड-पुढे येत असतील, चष्म्याच्या काचेत आकाशाचे प्रतिबिंब वेगळे पडले असेल किंवा कॅमेरा तिपाईवर नसेल, तर काम कठीण होते. दोनपेक्षा अधिक चेहरे बदलावे लागत असतील तर पायाच चुकला असे समजून दुसऱ्या क्रमांकाच्या चित्राकडे वळावे. तीन-चार सेकंदांच्या अंतरातील चेहरा आणणे हे त्या सकाळीच घडलेले काही दाखवणे आहे. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातील चेहरा आणून बसवणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती न केलेली बरी.

छपाईचा आकार निवडीवर परिणाम करतो, पण ही बाब सहसा शेवटी लक्षात येते. फोनचे छायाचित्र बहुधा चारास तीन या प्रमाणात असते, तर स्टुडिओत सर्रास मागितला जाणारा बारा बाय अठरा इंचांचा आकार तीनास दोन या प्रमाणात असतो. अठरा इंच रुंदी पुरी करण्यासाठी चित्राची उंची साडेतेरा इंच होते आणि त्यातील दीड इंच कापावा लागतो. पायऱ्यांवर उंच रचलेल्या समूहात तो दीड इंच मागच्या रांगेच्या डोक्यांतून किंवा पुढच्या मुलांच्या पावलांतून जातो. बारा बाय सोळा इंचांत तेच चित्र न कापता बसते. शिवाय लाकडी फ्रेमची आतली कड प्रत्येक बाजूने सुमारे पाव इंच झाकते, म्हणून अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यापलीकडे थोडी जागा आहे का, हे पाहिल्यावरच शेवटचे चित्र पक्के करावे.

बारा बाय सोळाच्या प्रतीत वरच्या उदाहरणातील बुबुळ साधारण सव्वा मिलिमीटरचे येते. दीड-दोन मीटरवरून अर्धी पापणी त्यात ओळखू येते, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून नाही. सहा बाय आठच्या लहान प्रतीत ती जवळून पाहिल्याशिवाय कळणारच नाही, तेव्हा चित्र दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे उंचावर टांगायचे असेल तर मागच्या रांगेतील एका अर्ध्या पापणीसाठी चौथ्यासारखे चित्र सोडून देण्याची गरज नाही, आणि टेबलावर उभ्या करायच्या फ्रेमसाठी मात्र तो तपास काटेकोर हवा. मोठी प्रत मागवण्यापूर्वी त्याच फाइलची चार बाय सहा इंचांची एक स्वस्त प्रत काढून ती घरात दोन दिवस फिरू द्यावी. पडद्यावर निसटलेले दोष, विशेषतः बदललेल्या डोक्याच्या कडा आणि कापले गेलेले कोपरे, कागदावर लगेच दिसतात.

फ्रेम बंद करण्याआधी प्रतीच्या मागे चिकटवायच्या कागदावर रांगेनुसार डावीकडून उजवीकडे नावे आणि तारीख लिहावी, आणि धाकट्या काकांचा चेहरा पाचव्या चित्रातला आहे हेही एका ओळीत नोंदवावे. आठही मूळ फाइल त्याच तारखेच्या नावाने एकत्र ठेवाव्यात, कारण पुढे कधी आत्याला किंवा एखाद्या नातीला स्वतःच्या घरासाठी वेगळी प्रत हवी असेल, तर तिची निवड याच आठांतून पुन्हा नव्याने करावी लागेल.